सिंहगडाचं माहितीपत्रक इटालियनमध्ये करताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पुण्याच्या आसपास इटालियन माणसं येत-जात असतात. रांजणगावला फियाट आहे, बारामतीला पियाजिओ आहे. कामासाठी आलेल्या पाहुण्याला रविवारी कुठे न्यायचं, तर सिंहगड. मग कुणीतरी म्हणतं, 'आपलं मराठी पत्रक इटालियनमध्ये करून घेऊ.' बहुतेक वेळा ते मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये जातं, छापलं जातं, आणि पाहुणा ते दोन ओळी वाचून घडी घालून खिशात ठेवतो. हा लेख हे काम स्वतः करणाऱ्यांसाठी किंवा करून घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सिंहगडाचं घेतलंय, पण क्रम कुठल्याही गडाला चालेल.

एक पथ्य आधीच सांगतो. भाषांतराला हात लावण्यापूर्वी पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण करा. अर्ध्याहून अधिक चुका तिथेच टळतात.

## १. मूळ मराठी मजकूर आधी फोडा

आपली गडाची पत्रकं ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यासाठी लिहिलेली असतात. 'महाराज' म्हटलं की कोणते ते सांगावं लागत नाही. शत्रू कोण, गड त्याच्याकडे कसा गेला, मावळे कोण, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. इटालियन वाचकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे तुमच्या हातातला मजकूर भाषांतराला तयार नाही असंच धरून चाला.

मराठी मजकुराची छापील प्रत घ्या आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा. एका रंगाने नोंद असलेला इतिहास: पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाणा होता, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी तो परत घेतला, किल्लेदार उदयभान राठोड होता, छत्रपती राजाराम महाराज १७०० साली याच गडावर वारले. दुसऱ्या रंगाने परंपरेने चालत आलेल्या गोष्टी: यशवंती घोरपड, रायबाचं लग्न, 'गड आला पण सिंह गेला'. तिसऱ्या रंगाने व्यवहाराची माहिती: रस्ता, वेळ, पाणी, खाणं, मनाई.

रंग का, तर इटालियनमध्ये या तिन्हींची क्रियापदं वेगळी चालतात. ते चौथ्या टप्प्यात येईल.

चौथ्या प्रकारचा मजकूर उरतो: 'स्वराज्याचा धगधगता साक्षीदार', 'सह्याद्रीचा मुकुटमणी' वगैरे. तो सरळ काढून टाका. मराठीत तो कानाला गोड लागतो, इटालियनमध्ये साबणाच्या जाहिरातीसारखा वाटतो. काढून रिकामी झालेली जागा पुढे लागणार आहे.

इशारा: २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सिंहगड त्यात नाही. राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड आहेत. उत्साहाच्या भरात सिंहगडाच्या पत्रकावर युनेस्कोचा उल्लेख आला तर तो इटालियन पाहुणा फोनवर लगेच पडताळून पाहतो, आणि मग बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही. त्यांच्या देशात अशी स्थळं ढीगभर आहेत, त्यांना ही यादी चांगली कळते.

## २. वाचकाला कुठे काय माहीत आहे ते शोधा

सांस्कृतिक संदर्भ जुळवणं म्हणजे आपल्या माणसाच्या जागी त्यांचा माणूस बसवणं नव्हे. तानाजींना 'भारताचा गारिबाल्दी' म्हणण्याचा मोह फार लोकांना होतो. गारिबाल्दी एकोणिसाव्या शतकातला, त्याचं राजकारण वेगळं, शिवाय तो लढाईत पडला नाही. वाचक हे सगळं जाणतो आणि तुलना तिथेच कोसळते.

त्याऐवजी वाचकाच्या ओळखीचा एखादा खरा धागा शोधा आणि त्यावर आपली माहिती टांगा. सिंहगडासाठी तीन चांगले धागे आहेत.

पहिला, ताजमहाल. तो प्रत्येक इटालियन माणसाला ठाऊक असतो. औरंगजेब म्हणजे ताजमहाल बांधणाऱ्या शाहजहानचा मुलगा, एवढं अर्धं वाक्य टाकलं की शत्रू कोण, काळ कोणता आणि त्याची ताकद किती, तिन्ही गोष्टी उलगडतात.

दुसरा, काळाचा. शिवाजी महाराज आणि रोममधला शिल्पकार बेर्निनी दोघेही १६८० साली वारले. एवढी एक ओळ दिली की १६७० म्हणजे नेमका कोणता काळ हे त्यांच्या डोळ्यांपुढे येतं.

तिसरा सर्वांत मोलाचा, आणि आपल्या पत्रकांत तो मला कधी दिसत नाही. निकोलाओ मानुची हा व्हेनिसचा माणूस १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत होता. त्याच मोहिमेत पुरंदरचा तह झाला आणि कोंढाणा मोगलांकडे गेला. छावणीत आलेल्या शिवाजी महाराजांशी आपलं बोलणं झाल्याचं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे गड हातातून गेला त्या प्रसंगाच्या अगदी जवळ एक इटालियन माणूस उभा होता. याला चौकट द्या. बाकी पत्रक वाचलं नाही तरी ही चौकट वाचली जाईल.

लोकमान्य टिळकांचा बंगला गडावर आहे. मराठी पत्रकात 'टिळक बंगला' एवढंच असतं. इटालियनमध्ये 'स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते' एवढं लागेल. त्याहून जास्त नको, नाहीतर वाचक सतराव्या शतकातून विसाव्यात आणि परत अशा येरझाऱ्या घालत बसतो.

तपासणी: मराठी मजकुरातलं प्रत्येक विशेषनाम अधोरेखित करा. प्रत्येकाला 'हा कोण?' विचारा. उत्तर अर्ध्या वाक्यात देता येत नसेल तर ते नाव पत्रकातून काढा. शेलारमामा आणि सूर्याजी मालुसरे यांपैकी बहुधा एकालाच जागा मिळते. मी सूर्याजी ठेवेन, कारण भावाचं नातं लगेच कळतं.

## ३. शब्दांची यादी करा, इंग्रजी मध्ये येऊ न देता

सगळ्यात हास्यास्पद चुका इंग्रजीच्या वळणाने येतात. मराठीत शब्द स्पष्ट असतो. इंग्रजी शब्दाला दोन अर्थ असतात. इटालियनमध्ये नेमका चुकीचा अर्थ उतरतो.

देवटाके हे पाण्याचं टाकं. इंग्रजीत त्याचा 'टँक' झाला की इटालियनमध्ये 'कार्रो आर्मातो' होतो, म्हणजे रणगाडा. गडावर गोड्या पाण्याचा रणगाडा आहे असं वाचून पाहुणा तो शोधत फिरेल. पुणे दरवाजा हा इंग्रजीतला 'गेट', त्याचं 'कान्चेल्लो' होतं. ते म्हणजे बंगल्याचं लोखंडी फाटक. तानाजी कडा इंग्रजीत 'क्लिफ' होतो आणि पुढे 'स्कोल्येरा', म्हणजे समुद्रकाठचा खडकाळ कडा. पुण्याला समुद्र कुठून आला? मडक्यातलं दही 'कर्ड' होऊन 'कल्याता' बनतं, म्हणजे चीज करताना दूध फाडून निघतो तो गोळा.

म्हणून यादी थेट मराठी ते इटालियन करा. पत्रकाचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे, टाइप करणाऱ्याकडेसुद्धा, ती एकच यादी असू द्या:

```
गड          fortezza              (castello नको)
दरवाजा      porta                 (cancello नको)
टाके        cisterna              (carro armato नको)
कडा         parete rocciosa       (scogliera नको)
बुरूज       bastione
पागा        scuderie
समाधी       memoriale funebre     (tomba नको)
घोरपड       varano                (iguana नको)
दही         yogurt                (cagliata नको)
मिरची       peperoncino           (pepe, peperone नको)
```

पहिल्या ओळीबद्दल थोडं. 'कास्तेल्लो' म्हटलं की इटालियन माणसाच्या डोक्यात दालनं, भिंतीवरची चित्रं आणि तिकीटखिडकी येते. सिंहगडावर तसं काही नाही, आणि वर आल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. 'फोर्तेत्सा' म्हटलं की लढाऊ जागा, तट, दरवाजे आणि मोकळी हवा एवढीच अपेक्षा राहते.

समाधीला 'तोंबा' म्हणू नका, कारण ते दफनाचं थडगं. राजाराम महाराजांच्या समाधीपाशी उभा राहून पाहुणा देह आत आहे असं समजेल. दहनानंतर उभारलेलं स्मारक, हे एकदा सांगून टाका.

## ४. आता भाषांतर: क्रियापद, संबोधन आणि शतक

इथे तीन निर्णय एकदाच घ्यायचे आणि शेवटपर्यंत मोडायचे नाहीत.

संबोधन. मराठीत आपण वाचकाला 'आपण' म्हणतो, म्हणून इटालियनमध्ये आदरार्थी 'लेई' वापरायचा मोह होतो. तो पत्रात आणि काउंटरवर ठीक. पत्रकात अनेकवचनी 'व्होई' चालतं. सूचनांच्या पाट्यांसाठी तिसराच प्रकार: क्रियापदाचं मूळ रूप, 'कठड्यावरून वाकू नये' या थाटाचं. एका पानावर तिन्ही मिसळले की मजकूर तीन माणसांनी लिहिलाय हे लगेच दिसतं.

काळ. लढाईचं वर्णन वर्तमानकाळात लिहा. इटालियनमध्ये ही रीत रुळलेली आहे आणि छोट्या पत्रकात ती सुटसुटीत होते. पण दंतकथेला संकेतार्थी रूप द्या. इटालियन वर्तमानपत्रं ऐकीव माहितीला हेच रूप वापरतात, त्यामुळे 'असं सांगतात' हे वाचकाला क्रियापदावरूनच कळतं. पहिल्या टप्प्यातले रंग इथे कामाला येतात: इतिहास वर्तमानात, परंपरा संकेतार्थात. घोरपड इतिहासाच्या काळात लिहिली तर वाचक सगळ्याच मजकुराला दंतकथा समजतो, अगदी तारखेलाही.

शतक. इटालियनमध्ये 'सेईचेन्तो' म्हणजे शब्दशः 'सहाशे', पण अर्थ १६०० ते १६९९. म्हणजेच आपलं सतरावं शतक. 'सतरावं' ऐकून 'सेत्तेचेन्तो' लिहिणारे कमी नाहीत, आणि तसं झालं की तानाजी शंभर वर्षं पुढे जातात. खात्री नसेल तर शतक लिहूच नका, साल लिहा.

उपाध्यांबाबतही सांभाळा. १६७० साली महाराजांचा राज्याभिषेक झालेला नव्हता, तो १६७४ चा. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि 'मराठा राज्याचे संस्थापक, राज्याभिषेक १६७४' एवढं द्या, पुढे नुसतं शिवाजी. त्यांच्या भाषेत मोठ्या माणसाचं नाव एकेरी लिहिण्यात अनादर नाही. तरीही आपल्याकडच्या वाचकांना ते खटकू शकतं, म्हणून पत्रक काढणाऱ्या संस्थेला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. शेवटच्या क्षणी कुणीतरी प्रत्येक नावापुढे 'महाराज' घालून ओळी तोडतो.

### एक परिच्छेद करून पाहू

मूळ मराठी असं समजा: 'महाराजांच्या एका शब्दाखातर रायबाचं लगीन बाजूला सारून तानाजी कोंढाण्यावर निघाले. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले. सिंहासारखा लढून नरवीर धारातीर्थी पडला. महाराज म्हणाले, गड आला पण सिंह गेला.'

यात तारीख नाही, शत्रू नाही, तानाजी कोण ते नाही. रायबा कोण हेही नाही. 'धारातीर्थी पडला' याला त्यांच्याकडे जोड नाही आणि शोधायचीही गरज नाही. भरून, निवडून असं होईल:

```
Nella notte del 4 febbraio 1670 Tanaji Malusare,
comandante di Shivaji, scala la parete rocciosa con i
suoi uomini e sorprende la guarnigione moghul. Secondo
la tradizione avrebbe rinviato per questo le nozze del
figlio, e un varano, grosso rettile capace di aggrapparsi
alla roccia, avrebbe portato in cima la corda. Tanaji
muore nello scontro, ma la fortezza è conquistata.
A Shivaji si attribuisce la frase: «Abbiamo preso la
fortezza, ma abbiamo perso il leone».
```

रायबाचं नाव गेलं, 'मुलगा' राहिला. सिंहाचं वाक्य जसंच्या तसं राहिलं, कारण सिंह म्हणजे शूर हे तिथेही कळतं. 'सिंहासारखा लढून' मात्र काढलं. सिंह दोनदा आला असता तर शेवटच्या वाक्यातला जोर गेला असता.

तपासणी: 'avrebbe' कुठे कुठे आलंय ते शोधा. फक्त परंपरेच्या वाक्यांत हवं.

## ५. खाण्याचा मजकूर वेगळा करा

गडावरचं खाणं हा पत्रकातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग, आणि त्यातच सगळ्यात जास्त गोंधळ. पिठल्याला 'पोलेंता' आणि भाकरीला 'पियादीना' म्हणू नका. पोलेंता मक्याची. पियादीना गव्हाची, आणि तिच्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. शाकाहारी पाहुणा ती भाकरी खाणार नाही आणि मांसाहारी पाहुणा निराश होईल.

पदार्थाचं नाव मराठीच ठेवा आणि पुढे कशाचं, कसं केलेलं ते सांगा. पिठलं म्हणजे बेसनाचं घट्टसर, लसणीची फोडणी दिलेलं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ इटलीच्या स्वयंपाकघरात असतंच, त्यामुळे 'फारीना दी चेची' वाचलं की त्यांना चव जवळपास कळते. कांदाभजी म्हणजे त्याच पिठात बुडवून तळलेला कांदा. मडक्यातल्या दह्याला मातीच्या वाटीतलं दही म्हणा आणि गोड की साधं ते लिहा. ठेच्याला हिरव्या मिरचीचा आणि लसणीचा, 'खूप तिखट' असं स्पष्ट लिहा. 'किंचित तिखट' ही आपली मोजणी तिथे लागू नाही.

इशारा: ज्वारीत ग्लुटेन नसतं म्हणून भाकरीपुढे 'सेन्त्सा ग्लूतिने' लिहू नका. इटलीत या दोन शब्दांना कायद्याचा अर्थ आहे आणि सीलिअ‍ॅकचा रुग्ण त्यावर डोळे मिटून विसंबतो. गडावरच्या झोपडीत त्याच परातीत गव्हाचं पीठही मळलं जात असेल. 'ज्वारीच्या पिठाची' एवढंच लिहा, पुढचं तो विचारेल.

## ६. व्यवहाराची माहिती त्यांच्या सवयीने द्या

आकडे मीटर-किलोमीटरमध्ये. उंची सुमारे १३०० मीटर, पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर. इटालियनमध्ये हजारापुढे टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो, आपल्या उलट. महिन्यांची नावं छोट्या अक्षराने. वेळ २४ तासांची.

आतकरवाडीच्या पायवाटेबद्दल 'मध्यम चढ' लिहून भागत नाही. त्यांचे डोंगर चढणारे लोक दोन गोष्टी विचारतात: एकूण चढाई किती मीटर आणि वेळ किती. वेळ दीड ते दोन तास लिहा. चढाईचे मीटर पायथा आणि दरवाजा दोन्हीकडे मोजून घ्या. समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे चढाई नव्हे, हा घोटाळा नेहमी होतो.

मोसमाचं वाक्य उलटं करावं लागतं. मराठी पत्रक म्हणतं, 'पावसाळ्यात या'. इटालियन माणसाची मोठी सुट्टी ऑगस्टमध्ये असते, म्हणजे तो नेमका तेव्हाच येणार. त्याला सांगा की दृश्य सुंदर असतं, पण धुक्यात कधी दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, वाट निसरडी होते आणि दरड पडली की घाटरस्ता बंद ठेवतात. स्वच्छ दिसायला हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रविवारी सकाळी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा कामाचा दिवस निवडा, हेही लिहा.

कोंढाणेश्वराच्या देवळात चपला बाहेर काढायच्या, गडावर दारू चालत नाही, तटावर चढायचं नाही. प्रत्येकाला एक ओळ पुरे, कारणं देत बसू नका. तातडीचा क्रमांक ११२ द्या. तो इटलीतही हाच असल्यामुळे लक्षात राहतो.

प्रवेशाचे आणि वाहनांचे दर पत्रकात छापू नका, बदलतात. 'पायथ्याच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, सुटे पैसे ठेवा' एवढं पुरतं.

## ७. नावं आणि उच्चार

नावांचं रोमन लेखन पाटीवर आणि नकाशावर आहे तेच ठेवा, नाहीतर पाहुण्याला ते फोनवर सापडणार नाही. पण इटालियन माणूस ते आपल्या नियमांनी वाचतो. 'ch' चा 'क' करतो, 'h' गिळतो, आणि 'j' दिसला की बऱ्याचदा 'य' म्हणतो. म्हणून पहिल्या उल्लेखाला कंसात त्यांच्या कानाने उच्चार द्या:

```
Shivaji (Scivagi)
Tanaji (Tanagi)
Pune Darwaja (Puné Darvagia)
```

चार-पाच नावांना पुरे. प्रत्येकाला दिलं तर मजकूर शब्दकोशासारखा दिसतो.

## ८. मांडणी आणि छपाई

इटालियन मजकूर मराठीपेक्षा लांबतो. पानाचा चौथा भाग मोकळा धरूनच मांडणी सुरू करा. म्हणूनच पहिल्या टप्प्यात मुकुटमणी काढायला लावले होते.

आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. मराठीच्या चौकटीत इटालियन मजकूर चिकटवला की त्याची देवनागरी चिन्हं होतात आणि घाईत ती 'काहीतरी परदेशी' म्हणून सुटतात. इटालियनसाठी नवी चौकट, नवा फॉन्ट आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा इटालियन निवडलेली हवी. नाहीतर ओळीच्या शेवटी शब्द भलतीकडे तुटतात.

मग मात्रांच्या खुणा पाहा. 'perché' मधली खूण उजवीकडे झुकलेली, 'è' मधली डावीकडे. वाक्याच्या सुरुवातीला 'È' हवं, 'E' आणि पुढे अपॉस्ट्रॉफी नको. फोनवरून आलेला मजकूर असेल तर इथे हमखास गडबड असते.

तपासणी: छपाईपूर्वी कागदावरची प्रत सिंहगड न पाहिलेल्या एका इटालियन माणसाला द्या आणि पत्रक बाजूला ठेवायला सांगून विचारा: गड कोणाकडून घेतला? कधी? यातलं खरं घडलेलं काय आणि गोष्ट कोणती? ऑगस्टमध्ये यावं का? भाकरी कशाची? ज्या प्रश्नाला तो अडखळेल तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. 'भाषा छान आहे' हे त्याचं उत्तर धरू नका, ते सौजन्य असतं.

पहिली छपाई डिजिटलवर, शे-दोनशे प्रतींची करा आणि मागच्या पानावर तळाशी महिना व साल घाला. गडावरच्या वाटाड्यांना एकेक प्रत द्या. पाहुणे कुठे थांबून बोट ठेवून विचारतात ते त्यांना महिन्याभरात कळतं, आणि ऑफसेटची प्लेट त्या दुरुस्त्या घालूनच काढायची.